काळे केस, बरगंडी रंग : मोबाइल की डेस्कटॉप?

> फोटोत केस बरगंडी आणि कुर्ता हिरवा करून बघायचाय. मोबाइल अ‍ॅप पुरेल की कॉम्प्युटरवरचं फोटो एडिटर जिम्प शिकू?

नुसतं बघायचं असेल तर अ‍ॅपच. केस ते स्वतः ओळखतं, मिनिटात काम होतं. फक्त कानामागच्या आणि कपाळावरच्या सुट्या बटा झूम करून बघा. रंग तिथे त्वचेवर सांडतो. कुर्त्यावर ओढणी असेल तर तीही हिरवी होते आणि बोटाने तेवढी कड पुसणं म्हणजे वैताग.

छापायचा फोटो असेल तर जिम्प. पण आपल्या काळ्या केसांवर नुसता रंग बदलून काहीच दिसत नाही, मीही पहिल्यांदा तासभर स्लायडर सरकवत बसलो होतो. काळ्यात उजेडच नसतो, रंग बसणार कशावर? म्हणून फोटोच्या लेयरची प्रत काढा, Levels मध्ये मधोमध असलेला त्रिकोण डावीकडे सरकवून ती उजळवा. तिला काळा मास्क लावून, म्हणजे ती पूर्ण झाकून, मास्कवर फक्त केसांच्या जागी मऊ पांढरा ब्रश फिरवा, तेवढीच ती दिसेल. वर बरगंडीचा लेयर, त्यालाही तोच मास्क, मोड HSL Color, ओपॅसिटी 40 च्या आसपास. केस राखाडी, धुरकट दिसले तर उजळणं जास्त झालंय. हिरव्या कुर्त्याला, मूळचा फिका असेल तर, उजळण्याची पायरी लागतच नाही.