मुलाखतीनंतरचा मेल: डच मॅनेजरला किती नमून लिहायचं?

केतकी, डोंबिवली
रॉटरडॅमच्या एका शिपिंग कंपनीसाठी २२ एप्रिलला व्हिडिओवर मुलाखत झाली. घेणारे डच, निवड झाली तर तेच माझे मॅनेजर. शेवटी म्हणाले, 'पुढच्या आठवड्यात कळवतो.' आज ५ मे, काहीच नाही. इकडे महाप्यातल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे, तिला सोमवारी ११ तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. मेल लिहून ठेवलाय, त्याचं मराठी असं: 'आदरणीय सर, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा. आपला बहुमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. नम्र स्मरण म्हणून लिहीत आहे. सवडीने काही कळवता आले तर आभारी राहीन.' भाऊ म्हणतो, हे लोटांगण आहे. डच लोक तोंडावर बोलतात म्हणे. मग मीही सरळ विचारू का?

रोहन
विचार की! एक ओळ पुरे: 'गेल्या आठवड्यात कळवणार होतात, कळवलं नाहीत. निर्णय काय झाला?' माझा क्लायंट ॲमस्टरडॅमचा आहे, तो मला अस्संच लिहितो.

बेलार्ड इस्टेटवाली
रोहन, तो लिहितो ते कामाबद्दल. 'हा तक्ता चुकलाय' असं तो म्हणतो, 'तू शब्द पाळत नाहीस' असं नाही. तुझ्या ओळीत प्रश्नाआधी आरोप आलाय, आणि तो डच माणसालाही झोंबेल.

केतकी, मी अकरा वर्षं डच साहेबांच्या हाताखाली काढली आहेत. तुझ्या मसुद्यात नम्रता जास्त आहे, पण खरी अडचण वेगळी आहे: त्यात प्रश्नच नाही. 'सवडीने काही कळवता आले तर' हे आपल्याकडे कळतं, कारण वाचणारा मधली रिकामी जागा भरून घेतो. तिकडचा माणूस वाचेल, बरं, हिला घाई नाही, आणि मेल बाजूला ठेवेल. मुद्दाम नाही, तू लिहिलंस तेच त्याने खरं धरलं.

दुसरं, २७ एप्रिलला तिकडे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते, आणि शाळांची मे महिन्याची सुट्टीही त्याच सुमारास. मुलंबाळं असलेला माणूस गायब होतो. (१ मेला मात्र ते कामावर आणि आपण घरी.) म्हणजे गप्प बसले याचा अर्थ नकार असेलच असं नाही.

मी असं लिहीन: नुसतं पहिलं नाव, कारण त्यांनी स्वतःच्या मेलखाली तसंच लिहिलं असेल. मग, '२२ तारखेच्या बोलण्याबद्दल आभार, जहाजांच्या वेळापत्रकाचं काम मला अजूनही करायचं आहे. मला दुसरी ऑफर आली आहे आणि ११ मेला उत्तर द्यायचं आहे. शुक्रवारपर्यंत निर्णय होईल का? नसेल तर अंदाजे कधी?' संपलं. 'सवडीने' गेलं, 'आभार' राहिले. आणि 'प्लीज रिव्हर्ट' नको, भारताबाहेर त्याचा अर्थ 'पूर्ववत करा' असा घेतात. दुपारी साडेबाराला पाठव, तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात.

कुलकर्णी काका
माझ्या मुलाची मुलाखत ओसाकाच्या कंपनीत झाली होती. त्याने असं तारीख टाकून विचारलं आणि महिनाभर उत्तर नाही. परदेशी माणसाशी अदबीनेच वागावं. मी म्हणतो, सरळ फोन करावा, आवाजातून नम्रता कळते.

बेलार्ड इस्टेटवाली
काका, ओसाका आणि रॉटरडॅम एका मापाने मोजू नका. न ठरवता फोन केला तर डच माणूस आधी 'काय झालं?' विचारेल.

स्मिता, ठाणे
मला दुसऱ्या ऑफरचा उल्लेख खटकतो. धमकी वाटते. 'घ्या, नाहीतर चालले.' आणि 'सर' सोडायचं म्हणजे आपण आपलं वळण का मोडायचं? त्यांनी थोडं आपल्याला समजून घ्यावं की.

बेलार्ड इस्टेटवाली
'सर' लिहिलंस म्हणून कोणी नाकारणार नाही, फक्त त्यांना तू लांब उभी असल्यासारखी वाटशील. ऑफरचं म्हणशील तर धमकी होते ती पगाराचा आकडा टाकला की. तारीख सांगणं म्हणजे माहिती देणं. पण ऑफर खरी हवी, 'कुठल्या कंपनीची?' असं ते बिनदिक्कत विचारतील. आणि उत्तरही तसंच येऊ शकतं: 'आम्ही दुसऱ्याला घेतलं.' इतकंच. त्यात राग शोधू नकोस.

स्मिता, ठाणे
मला अजूनही पटत नाही. मी मुलाखती घेते, मला असा मेल आला तर मी उमेदवाराला सोडून देईन.

रोहन
मुंबईत घेतेस ना पण!

केतकी, डोंबिवली
बेलार्ड ताईंचा मेल थोडा बदलून पाठवला. दोन मिनिटांत आपोआप उत्तर आलं: सुट्टीवर आहे, सोमवारी ११ मेला परतेन, तातडीचं असेल तर अमुक सहकाऱ्याला लिहा. आता?

कुलकर्णी काका
तो माणूस तुला ओळखतसुद्धा नाही. थांबावं.

बेलार्ड इस्टेटवाली
पत्ता त्यांनीच दिलाय. तोच मेल पाठव, वर एक ओळ जोड की निर्णय कोण घेतं हे तरी कळावं. आणि आजच महाप्याच्या एचआरकडे दोन दिवस वाढवून माग.

केतकी, डोंबिवली
एचआरला फोन लावते आधी. सहकाऱ्याचं अजून ठरत नाहीये.