मदत हवी आहे : फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर आकारलेले फोरक्लोजर शुल्क परत कसे मिळवावे?

माझे गृहकर्ज दुसऱ्या बँकेकडे वर्ग करताना आधीच्या बँकेने १८,४०,००० रुपयांच्या शिल्लक मुद्दलावर २ टक्के, म्हणजे ३६,८०० रुपये, फोरक्लोजर शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून एकूण ४३,४२४ रुपये वसूल केले. मूळ कागदपत्रे अडकू नयेत म्हणून मी ते लेखी हरकत नोंदवून भरले.

मंजुरीपत्रात व्याजदराचा प्रकार 'फ्लोटिंग' असा स्पष्ट नमूद असून मुदतपूर्व परतफेडीच्या रकान्यात 'वैयक्तिक कर्जदारास शुल्क नाही' असे छापलेले आहे. शाखेचे म्हणणे असे, की ही सवलत स्वतःच्या पैशांतून कर्ज फेडणाऱ्यालाच असते. मंजुरीपत्रात मात्र अशी अट कोठेही नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ रोजी फ्लोटिंग गृहकर्जावरील हे शुल्क बंद केले, ते कर्जदाराला स्वस्त कर्जाकडे वळता यावे याच विचाराने. त्यामुळे शाखेचा युक्तिवाद मला मुळातच चुकीचा वाटतो.

तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज दिला आहे. ३० दिवसांत दाद न मिळाल्यास cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाताना मंजुरीपत्र, फोरक्लोजर स्टेटमेंट आणि हरकतपत्र यांखेरीज काय जोडावे? जीएसटी आणि व्याजही मागता येईल का? असा परतावा मिळवलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.