शब्द हवा: पाण्याने भिंत उलटवायला जो जोर लागतो त्याला काय म्हणायचं?

पंचगंगाकाठ
डिप्लोमाच्या पोरांसाठी मराठीतून नोट्स करतोय, एका गणितावर अडलोय. धरणाच्या उभ्या भिंतीवर पाण्याचं एकूण बल किती आणि तळाच्या कडेभोवती टॉर्क किती, असा प्रश्न आहे. टॉर्कला मी 'पीळ' लिहिलं होतं, सोबतच्या सरांनी ते खोडून 'आघूर्ण' केलं. वर्गात वाचून दाखवलं तर निम्म्या पोरांनी त्याचा आघात केला, लाटेचा तडाखा बसतोय असं समजून उत्तरं लिहिली. पाणी तर एका जागी स्थिर उभं आहे. पीळ चालेल का, की दुसरं काही सुचवाल?

शब्दवेडी
आघूर्णच बरोबर आहे, त्यात घूर्ण् धातू आहे, फिरणे, गरगरणे. आघाताशी त्याचा काही संबंध नाही. पोरांना शब्द कळत नाही म्हणून शब्दच बदलायचा तर मग शिकवायचं काय? आणि पीळ म्हणाल तर तोही संस्कृतातूनच आलाय, पीड् पासून. पीडा आणि पिळणं सख्खी भावंडं आहेत.

शिरोळकर
ताई धातू राहूदे, पीळ म्हटलं की आमच्याकडं दोर नाहीतर मिशी. भिंत काय पिळवटत नाही, ती मागं ढकलली जाते आणि पायथ्यात उलटायला बघते. वर्कशॉपमध्ये शाफ्टला पीळ बसतो ते ठीक. साइटवर सगळे मोमेंट म्हणतात, तेच लिहा की.

जुना_विद्यार्थी
शब्दाचं तुम्ही ठरवा, पण गणित तर सोपं आहे. वर दाब शून्य, तळाला सगळ्यात जास्त, म्हणजे सरासरी दाब मधल्या खोलीवरचा. त्याला क्षेत्रफळाने गुणलं की बल आलं. ते बल मध्यावर लागतं असं धरून अर्ध्या उंचीने गुणा, झाला टॉर्क. यात इंटिग्रेशन कशाला पाहिजे?

बंधारा_आणि_बरगे
भावा, बल बरोबर काढलंस पण टॉर्क दीडपट झाला. कोल्हापुरात असून हे बरग्यांवर, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला आडव्या घालतात त्या फळ्यांवर, न शिकवणं म्हणजे नवलच, कारण आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात हे गणित फळ्याफळ्यांनी समोर उभं असतं.

दोन खांबांमधला एक गाळा घे, 2 मीटर रुंद, पाणी 3 मीटर. बरगे प्रत्येकी 30 सेंटीमीटरचे धर, म्हणजे एकावर एक दहा. सगळ्यात वरच्या बरग्याच्या मध्यावर पाणी 15 सेंटीमीटरच, त्याच्यावर जोर येतो 0.88 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 90 किलोचं वजन. तळच्या बरग्याच्या डोक्यावर सरासरी 2.85 मीटर पाणी, त्याच्यावर 16.8 किलोन्यूटन, म्हणजे पावणेदोन टनाच्या आसपास. फळी तीच, फक्त जागा खालची. वरून खाली येताना जोर 1, 3, 5 असा 19 पर्यंत वाढत जातो, सगळ्यांची बेरीज 100 वाटे, म्हणजे 88.2 किलोन्यूटन. तुझ्या सरासरीच्या रीतीनेही हेच येतं, त्यात चूक नाही.

आता उलटवण्याचं बघ. प्रत्येक बरग्याचा जोर त्याच्या तळापासूनच्या उंचीने गुणायचा. वरचा बरगा उंच आहे पण त्याच्यात जोर नाही, खालच्यात जोर आहे पण तो तळालाच चिकटलेला, उंची 15 सेंटीमीटर. दहाही गुणाकार मिळवले की 88.6 किलोन्यूटन-मीटर येतात. तुझ्या रीतीनं 88.2 गुणिले दीड, म्हणजे 132. सरासरी घेतानाच तू हे विसरलास की जोर जास्त कुठे आहे, आणि टॉर्कला नेमकं तेच हवं असतं.

जुना_विद्यार्थी
मग खरं उत्तर 88.6 का?

बंधारा_आणि_बरगे
88.2. प्रत्येक बरग्याचा जोर मी त्याच्या बरोबर मध्यावर धरला, तो खरं तर किंचित खाली असतो, म्हणून थोडं जास्त आलं. तुझ्या मध्यावरच्या रीतीचंच हे धाकटं रूप. बरगे पातळ करत जा, वीस कर, शंभर कर, फरक मिटत जातो. अगदी पातळ केले की तेच इंटिग्रेशन. पाण्याची एकूण खोली H, गाळ्याची रुंदी w, पाण्याची घनता ρ आणि गुरुत्व त्वरण g धर. पृष्ठभागापासून y खोलीवर जोर `ρgy·w·dy` आणि तळापासून उंची `H − y`, दोन्ही गुणून 0 ते H बेरीज केली की

`F = ½ρgwH²`
`τ = ⅙ρgwH³`

दुसऱ्याला पहिल्याने भागलं की `H/3`. म्हणजे सगळा जोर जणू तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो. 3 मीटर पाण्यात ती उंची बरोबर 1 मीटर, म्हणून आकडा दोन्हीकडं 88.2 दिसतोय, एकक मात्र वेगळं. उंची दुप्पट झाली तर बल चौपट आणि टॉर्क आठपट, हे पोरांकडून वदवून घ्या सर. आणि प्रश्नात 'तळाच्या कडेभोवती' आहे ते कुणी गाळू नका. तेच वरच्या कडेभोवती काढलं तर दुप्पट येतो.

कळंबेकर
मला एक कळेना, राधानगरीच्या मागं केवढं पाणी पसरलंय, आणि आमच्या शेततळ्याच्या भिंतीमागं केवढंसं. खोली सारखी असली तरी धरणाला जास्तच जोर असणार की. आमच्या तळ्याची भिंत गेल्या पावसात फुगली, पाणी तर काठोकाठ पण नव्हतं.

बंधारा_आणि_बरगे
भिंतीवरचा दाब खोलीवर अवलंबून, मागं पाणी किती लांब पसरलंय त्यावर नाही, सूत्रात पसाऱ्याला जागाच नाही. तुमच्या भिंतीचं वेगळं असावं. मागच्या भरावात पाणी मुरलं की मातीचाही दाब त्यात मिळतो. शिवाय भिंतीखालून झिरप असेल तर पाणी खालून वर उचलतं. हे वरचं सूत्र त्यातलं काहीच धरत नाही, फक्त समोरून लागणारं स्थिर पाणी धरतं. भिंतीच्या पाण्याकडच्या पायथ्याशी आडवी भेग दिसते का बघा. असली तर आधी पाणी उतरवा आणि कुणा जाणकाराला बोलवा.

शिरोळकर
पण बरग्यांचं उदाहरण देताय तर तेही सांगा की, आमचा बरगा तळाभोवती उलटत नसतो. दोन्ही टोकं खांबाच्या खाचेत असतात, तो मध्यात वाकतो आणि जोर खांबावर टाकतो. पावसाळ्यानंतर बरगे घालतो ना, तेव्हा जुनी लाकडी फळी खालच्या रांगेत कुणी घालत नाही, वर घालतात. गणित न शिकताच माणसं हे करत आलीत.

बंधारा_आणि_बरगे
मान्य. उलटवणारा टॉर्क घ्यायचा तो खांबाने. गाळा एकसंध भिंत धरली तर तळ घेतो.

शब्दवेडी
मग हा 'उलटवणारा' शब्द आत्ता तीनदा आलाय, तो का घेत नाही? तरीही माझं म्हणणं, परीक्षेत आघूर्णच यावं. 'निरूढी परिबल' असं जुन्या पुस्तकांत आहे, म्हणजे मोमेंटला परिबल म्हणायची वाटही आपल्याकडं होती. शब्द आहेत आणि आपण ते वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

शिरोळकर
परिबल म्हटलं की पोरगं त्याला बलच समजणार, आणि मग न्यूटन आणि न्यूटन-मीटर एक करून टाकणार. मोमेंट लिहा.

पंचगंगाकाठ
बरग्यांचं गणित उद्याच वर्गात घेतो, दहा ओळींचा तक्ता पोरांकडूनच भरून घेतो. शब्दाचं अजून माझं ठरत नाही. 'उलटवणारा जोर' लिहिलं तर परत जोर म्हणजे बल होतंय.

शब्दवेडी
म्हणूनच म्हणते, आघूर्ण.

कळंबेकर
भेग आहे. पाण्याच्या बाजूला, आडवी, हातभर लांब. पंप लावलाय.