मदत हवी आहे : पार्टिकल बोर्डच्या कपाटात बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत

दादरला आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबायला लागलंय. बाजूची फळी १८ मिमी पार्टिकल बोर्डची आहे. वरच्या बिजागरीचे दोन्ही स्क्रू कितीही पिळले तरी नुसते फिरतात आणि भोकातून भुसा गळतो. जाड स्क्रू घालायचा नाहीये, कारण आतला भुसाच सुटला असेल तर तोही थोड्या दिवसांत ढिला होणार.

म्हणून लाकडी खुंट्या बसवायचं ठरवलंय. भोक ८ मिमी ड्रिलने १२ मिमी खोल मोठं करायचं. बिटला त्या खोलीवर टेप लावायची, म्हणजे फळी आरपार जाणार नाही. भुसा फुंकून, भोकाच्या कडांना आतून फेविकॉल लावून ८ मिमीची खुंटी ठोकायची, रात्रभर सुकू द्यायची आणि वर आलेलं टोक सपाट कापायचं. मग मधोमध २.५ मिमीचं भोक पाडून जुनाच ४ मिमी स्क्रू हाताने पिळायचा.

दोन शंका आहेत. या खुंटीत स्क्रू लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच जाणार, तिथे पकड कमी असते ना? की आडव्या रेषांची गुडदी कापून घ्यावी? दुसरं, कपाट सिंकखाली आहे आणि खालच्या बिजागरीजवळ फळी थोडी फुगलीय. फुगलेल्या भुशाला गोंद धरेल का, की बिजागरी दोन इंच वर कोरड्या भागात सरकवावी? तसं केलं तर दारातलं ३५ मिमीचं भोकही नव्याने पाडावं लागेल.

पावसाळ्यातही टिकलेली अशी दुरुस्ती कुणी केली असेल तर कृपया सविस्तर सांगा. साधा फेविकॉल वापरलात की वॉटरप्रूफ, तेही लिहा.