मदत हवी आहे: पोरांसाठी नारा, एकाच सरावात पाठ होणारा

धारणीची_ताई: शनिवारी केंद्राच्या स्पर्धा आहेत. उद्या एकच तास सराव मिळणार आहे. मी लिहिलेला नारा असा: "विजयी होऊ, अजिंक्य राहू, प्रतिस्पर्ध्याला नमवून दाखवू". पोरं पाचव्या शब्दापाशीच अडतात. कुणीतरी लवकर चांगलं काही लिहून द्या.

मैदानी_माणूस: ताई, खेळ कोणता? पोरं किती, कितवीची? घरी काय बोलतात?

सावनेरचा_कवी: यमक जुळलं की आपोआप पाठ होतं. माझ्याकडे बारा ओळी तयार आहेत: "शौर्याची मशाल पेटवू, दिग्विजयाचा ध्वज फडकवू..." बाकीच्या पाठवतो.

वऱ्हाडी_माय: बाप्पा, लहान्या पोट्ट्याले दिग्विजय काय समजते? काहून त्यायले त्रास देता?

धारणीची_ताई: खो-खो. मुलींचा एक संघ, मुलांचा एक, नारा दोघांचा एकच. तिसरी ते सातवी, राखीव धरून तिसेक पोरं. निम्मी घरी कोरकू बोलतात. एका मुलीचा पाय अधू आहे, ती खेळत नाही पण संघासोबत येते. एक मुलगा अडखळत बोलतो.

खंजिरीवाला: आमच्या भजन मंडळात खंजिरीवर दहा-दहा कडवी पोरं म्हणतात. ताई, खंजिरी घ्या, बाकी आपोआप होते.

मैदानी_माणूस: खंजिरी न्या, पण कडवी म्हणायला रोज संध्याकाळ मिळते, इथं एक तास आहे. ताई, तुमच्या ओळीत "प्रतिस्पर्ध्याला" हा शब्द जोडाक्षरांनी भरलेला आहे, त्याला श्वास पुरत नाही. दुसरं म्हणजे पोरांना सगळ्या ओळी पाठ करायला लावू नका. म्होरक्यानं विचारायचं, बाकीच्यांनी एकच उत्तर द्यायचं. चार टाळ्यांत एक ओळ बसवा:

पळणार | कोण? | आम् | ही!
लढणार | कोण? | आम् | ही!
पाठीशी | कोण? | आम् | ही!
खेळू | खेळू | खेळत | राहू!

शेवटी गावाचं नाव तीनदा आणि चौथ्या ठोक्याला नुसती टाळी. "आम्ही" आणि "खेळू" मुलींनाही चालतात, मुलांनाही. "वाघाची पोरं" वगैरे लिहिलं असतं तर मुली बाजूला पडल्या असत्या. "पाठीशी कोण" ही ओळ राखीव पोरांसाठी आहे, म्हणजे बाहेर बसलेलाही म्हणताना संघातच राहतो.

आणि नाऱ्यात "खो" शब्द कुठंही घालू नका. खेळ सुरू असताना बाहेरून "खो" ऐकू आला की बसलेलं पोर मागून स्पर्श न होताच उठतं आणि फाऊल होतो.

धारणीची_ताई: हे जमेल असं वाटतं. एका तासात शिकवू कसं?

मैदानी_माणूस: आधी शब्द नकोत. पहिले दोन ठोके मांडीवर, पुढचे दोन हातावर, हेच पाचेक मिनिटं चालू द्या. मांडी-हात असा फरक असला की पोरं वेग वाढवत नाहीत. नुसत्या टाळ्या असल्या की पळतात. मग फक्त "आम्ही" घ्या, प्रश्न तुम्ही विचारा. "आम्ही" तुमच्या "कोण"वर चढायला लागलं की वेग वाढला असं समजा, थांबा, पुन्हा मांडीवरून सुरू करा. "खेळू खेळू" सगळ्यात शेवटी. शेवटची दहा मिनिटं तुम्ही गप्प बसा आणि पोरांतला कुणीतरी म्होरक्या करा. त्याच्या प्रश्नाला सगळ्यांनी वेळेवर उत्तर दिलं म्हणजे पाठ झालं.

कोरकूतला एखादा शब्द घ्यायचा असेल तर पोरांनाच विचारा. एका ठोक्यात बसेल असा निवडा.

वऱ्हाडी_माय: ज्या पोरीचा पाय अधू हाये तिनं "पळणार कोण, आम्ही" काहून म्हणायचं? तिले कसं वाटंल? ते ओळच काढा.

मैदानी_माणूस: "आम्ही" म्हणजे संघ, ती एकटी नाही. पण मुद्दा खरा आहे. ताई, तिलाच विचारा. नको म्हणाली तर "येणार कोण" करा, ठोका तोच राहतो.

सावनेरचा_कवी: अडखळणाऱ्या मुलाला म्होरक्या करा. भीती जाते. माझ्या पुतण्याला भाषणाला उभं केलं होतं, सुधारला.

मैदानी_माणूस: भाषण वेगळं, हे वेगळं. सगळ्यांच्या सोबत एका ठेक्यात बोलताना अडखळणं बहुतेकांचं खूपच कमी होतं, एकट्यानं प्रश्न विचारताना तसं होईलच असं नाही. त्याला घोळक्यात ठेवा. स्वतःहून म्हणाला तर म्होरक्या करा.

सावनेरचा_कवी: म्हणजे त्याला कायम लपवून ठेवायचं? पटत नाही.

धारणीची_ताई: त्याला मी उद्या वेगळं विचारते. नारा नाणेफेकीच्या आधी म्हणायचा की नंतर?

मैदानी_माणूस: आधी, मैदानाबाहेर. शिट्टी झाली की बंद. आणि मुलींच्या सामन्याआधी मुलांनीही म्हणायचा, मुलांच्या सामन्याआधी मुलींनीही.