मदत हवी आहे: महिन्याचा हिशेब जुळतो, मग बहिणीला दर सेमिस्टरला दीड हजार युरो का कमी पडतात?

द्राक्षवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण जर्मनीत एम.एस. करते, तिसरं वर्ष सुरू झालंय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवलेले पैसे पहिल्या वर्षातच संपले. मागच्या ऑक्टोबरपासून तिला डॉइचलांडस्टिपेंडियम या शिष्यवृत्तीचे महिना 300 युरो मिळतात. विद्यापीठातच हिवीचं, म्हणजे विद्यार्थी-साहाय्यकाचं काम आहे, महिना 40 तास, तासाला 13 युरो, म्हणजे 520. दोन्ही मिळून 820.

खर्च असा: खोली 360, आरोग्य विमा 146, खाणंपिणं 210, फोन 10 आणि किरकोळ 90, एकूण 816. म्हणजे कागदावर महिन्याला चार युरो उरतात. तरी मागच्या हिवाळी सेमिस्टरला आम्ही 1,500 युरो पाठवले आणि उन्हाळीला 1,400. पोरगी उधळी नाही, हे मी खात्रीनं सांगतो. तिनं न मागता बँकेचं सगळं स्टेटमेंट पाठवलं. त्यात ऑक्टोबर ते मार्चची जमा वजा नावे केली तर 9 युरो शिल्लक येते. तूट कुठंच दिसत नाही!

वडिलांना उत्तर द्यायचंय. बागेचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदाच येतो. त्यातनं किती बाजूला काढून ठेवायचे, एवढंच मला कळलं पाहिजे.

कराडकर_आई

दादा, आमचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. त्याला पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं, तरी तो भागवतो. तुम्ही पैसे पाठवताना बँक टीसीएस म्हणून कर कापून घेते का हो? आमचे मागच्या वर्षी बरेच कापले होते, ते परत मिळवायला रिटर्न भरावा लागला.

द्राक्षवाला_तासगाव

ताई, आमची रक्कम वर्षाला तीन लाखांच्या आसपास आहे, तेवढ्यावर काही कापलं नाही. माझा प्रश्न तूट कशी काढायची याचा आहे.

मिरजेचा_पोरगा

मी पण जर्मनीत होतो. सरळ उपाय सांगतो. आठवड्याला वीस तास कामाची मर्यादा फक्त लेक्चर चालू असताना असते. सुट्टीत फुल टाइम काम करायचं. फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर गोदामात काढले की तूट संपली. हिशेब कशाला करत बसायचा?

खतावणी_सांगली

दादा, मी हळदीच्या पेढीवर तीस वर्षं वह्या लिहिल्या. भाचा जर्मनीतच शिकला, त्याचाही हिशेब मीच ठेवायचो. आधी तुमच्या 9 युरोंचं सांगतो.

जमेच्या बाजूला तुम्ही घरून पाठवलेले 1,500 धरलेत. ती मिळकत नाही, तूट भरून काढायला घातलेली रक्कम आहे. ती जमेत राहिली की तूट झाकली जाणारच. आणखी एक बघा, दर तीन महिन्यांनी 55.08 युरो गेलेले दिसतात का? आणि दोघांकडून 18.36 आलेले?

द्राक्षवाला_तासगाव

हो काका, अगदी हेच आकडे आहेत! ते 18.36 मी तिची वरकमाई समजलो होतो.

खतावणी_सांगली

ती रेडिओ-टीव्हीची वर्गणी. घरामागे एकच असते. तुमची बहीण पूर्ण भरते आणि खोलीवरचे दोघे आपापला वाटा परत देतात. तिचा खर्च तेवढा 18.36. खर्चाच्याच सदरात दोन्ही बाजू टाका, आपोआप वजा होतील.

आता शीटमध्ये दोन रकाने वाढवा. D मध्ये प्रकार, E मध्ये सेमिस्टर. सेमिस्टर तारखेवरून लिहू नका, पैसा ज्या सेमिस्टरसाठी गेला ते लिहा. फेब्रुवारीत भरलेलं शुल्क उन्हाळीचं असतं. हिवाळीचं आधीच ऑगस्टमध्ये गेलेलं असतं. C मधल्या रकमांत नावे पडलेली रक्कम वजा चिन्हासह ठेवा आणि हे घाला:

```
=SUMIFS(C:C,E:E,"हिवाळी")-SUMIFS(C:C,E:E,"हिवाळी",D:D,"घरून")
```

जर्मन बँकेच्या फाइलमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो. आकडे पेशीत डावीकडे चिकटलेले दिसले तर ते अक्षरं म्हणून आलेत, बेरजेत धरले जाणार नाहीत. ते आधी दुरुस्त करा.

द्राक्षवाला_तासगाव

केलं. काही आकडे खरंच डावीकडे होते, ते मी कालच हातानं बदलले होते. हिवाळीचं शुल्क 330 होतं आणि उन्हाळीचं 345, ते ज्याच्या त्याच्या सेमिस्टरला टाकलं. उत्तर उणे 1,476 आलं. उन्हाळीचं उणे 1,398. पण काका, महिन्याला चार युरो उरत असताना हे होतं कसं?

खतावणी_सांगली

पगार सहा वेळा आलाय का मोजा.

द्राक्षवाला_तासगाव

चारच वेळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तिला फोन केला तर म्हणाली, कंत्राट तेवढंच असतं, लेक्चर संपली की काम थांबतं. मी तर सहा महिने धरून बसलो होतो.

खतावणी_सांगली

मग सापडलं. दोन महिन्यांचा पगार नाही, 1,040. सेमिस्टरचं शुल्क 330, वर्गणीचा तिचा वाटा 37. बाकी 93 कशाचे?

द्राक्षवाला_तासगाव

व्हिसा वाढवायची फी. ती फक्त हिवाळीत होती.

खतावणी_सांगली

1,040, 330, 37 आणि 93 मिळून 1,500. सहा महिन्यांचे चार-चार युरो, म्हणजे 24 वजा केले की तुमचे 1,476. कुठंही उधळपट्टी नाही. वडिलांना हेच दाखवा.

पण दादा, तुमच्या कामाची गोष्ट पुढं आहे. सेमिस्टरची तूट किती ते सांगते, कधी ते सांगत नाही. पगार नसलेले महिने तारखेनं मांडा. मार्च एकटा. मग ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर सलग तीन, कारण ऑक्टोबर पुढच्या सेमिस्टरमध्ये जातो. नुसत्या स्टिपेंडवर महिन्याला 516 कमी पडतात, तिनाचे 1,548. ऑगस्टमधलं शुल्क धरलं की 1,900 च्या आसपास. दोन्ही सेमिस्टरमध्ये तूट सारखी दिसते, पण खरा खड्डा तिथं आहे.

द्राक्षवाला_तासगाव

आणि तेव्हाच आमची फळछाटणी. मजूर, पेस्ट, औषधं, सगळा पैसा बागेत जातो. मागच्या वर्षी सप्टेंबरात सोसायटीकडून उचल का घ्यावी लागली ते आज कळलं. मी तिला उगाच म्हटलं होतं की जरा आधी सांगत जा. तिनं जुलैतच सांगितलं होतं, मीच मनावर घेतलं नाही.

मिरजेचा_पोरगा

म्हणजे माझंच बरोबर. ऑगस्ट-सप्टेंबरला काम करायला सांगा.

पुण्यातली_पण_विट्याची

सुट्टीत फुल टाइम चालतं हे खरं, पण आपल्यासारख्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवसांची मर्यादा आहे. विद्यापीठातलं हिवीचं काम त्यात धरत नाहीत, म्हणून तिचे दिवस बहुतेक शिल्लक असतील. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात. माझ्या दोन परीक्षा गोदामापायी राहिल्या आणि सेमिस्टर वाढलं. त्याचा खर्च गोदामातल्या कमाईपेक्षा जास्त झाला. शिवाय डॉइचलांडस्टिपेंडियम गुणांवर असतं आणि ते पुढं चालू ठेवायचं का हे विद्यापीठ पुन्हा तपासतं. ते गेलं तर सहा महिन्यांचे 1,800 गेले. सप्टेंबरातले तीन-चार आठवडे तिला जमतील का, तिलाच विचारा.

द्राक्षवाला_तासगाव

विचारलं. ऑगस्टात तिला दोन रिपोर्ट द्यायचे असतात, सप्टेंबरचं बघते म्हणाली. मी तिचं काम हिशेबात धरत नाही. माल गेला की एप्रिलमध्ये 1,900 युरोंचे रुपये वेगळ्या खात्यात ठेवतो, मार्चचे आणि उन्हाळीच्या शुल्काचे आधीच काढतो.

एक राहिलं. ते रुपये एप्रिलमध्येच युरो करून तिच्याकडे पाठवावेत, की ऑगस्टपर्यंत इथं ठेव म्हणून ठेवावेत?

खतावणी_सांगली

भाच्याच्या वेळी मी अर्धे आधी पाठवले, अर्धे नंतर. एका वर्षी फायदा झाला, एका वर्षी तोटा. भावाचं मी सांगू शकत नाही. शुल्काचे तेवढे आधी पाठवा, ती तारीख चुकली तर नावनोंदणीच अडते.