λ दोनदा आला तर डायगोनलायझेशन होतं का?

«A च्या ओळी (२,१,१), (१,२,१), (१,१,२). λ = ४, १, १ आले. १ दोनदा आलाय, मग तिसरा व्हेक्टर कुठून आणू?»

λ = १ मधूनच दोन मिळतात. A − I च्या तिन्ही ओळी (१,१,१) होतात, म्हणजे रँक १ आणि समीकरण एकच: x + y + z = ०. दोन चलं मोकळी, म्हणून (१,−१,०) आणि (१,०,−१) घ्या. λ = ४ साठी (१,१,१) येतो. हे तीन P चे स्तंभ. D च्या कर्णावर λ त्याच क्रमाने लिहा. इथेच बऱ्याचदा गडबड होते. पडताळ्याला P चा इन्व्हर्स नको, AP = PD जुळतंय का तेवढं बघा.

A − I ची रँक २ आली असती, तर λ = १ ला एकच स्वतंत्र व्हेक्टर मिळाला असता आणि डायगोनलायझेशन झालंच नसतं.